आई-आबांना कॅनडाला बोलवायचंय? सुपर व्हिसाच्या उत्पन्नाचं आणि विम्याचं गणित

ज्यांना हेडफोन लावून पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित अवतार. बोलतानाचं थोडं छाटलंय, थोडं नीट लावलंय, पण मुद्दे तेच आहेत.

भोर आणि वेल्ह्याकडची बरीच पोरं आता परदेशात आहेत. कुणी नसरापूरचा, कुणी निगुडघरचा, कुणी पानशेतच्या अंगाचा. तिकडे नोकरी लागते, लग्न होतं, घर होतं आणि मग एक प्रश्न हमखास येतो: आई-आबांना चार दिवस नाही, चांगलं वर्ष-दोन वर्षं आपल्याकडे कसं आणायचं? प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. सगळे एका भागात कोंबले तर कुणालाच काही कळणार नाही. म्हणून आज एकच देश घेऊया, कॅनडा. आणि एकच व्हिसा घेऊया, ज्याला तिथे ‘सुपर व्हिसा’ म्हणतात. यात दोन गोष्टींवर गाडी अडते: बोलावणाऱ्याचं उत्पन्न आणि येणाऱ्यांचा आरोग्य विमा. या दोन्हींचा हिशोब आज पूर्ण करूया.

सुपर व्हिसा म्हणजे नेमकं काय

साध्या व्हिजिटर व्हिसावर आई-वडील गेले, तर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. सुपर व्हिसा हा खास आई-वडील आणि आजी-आजोबांसाठीचा व्हिसा आहे. जुलै २०२२ पासून यावर एका खेपेला सलग पाच वर्षांपर्यंत राहता येतं, आणि व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा मिळू शकतो. त्या मुदतीत ये-जा करता येते. म्हणजे भात लावणीला गावी आणि दिवाळीनंतर परत तिकडे, असंही चालतं. पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर व्हिसाही तेवढाच मिळतो. म्हणून आबांच्या पासपोर्टला दोनच वर्षं उरली असतील तर आधी पासपोर्ट नवा करा, मग अर्ज करा.

हा व्हिसा म्हणजे तिथलं कायमचं वास्तव्य नाही. यावर नोकरी करता येत नाही, आणि तिथली सरकारी आरोग्य सेवा साधारणपणे मिळत नाही. म्हणूनच विमा लागतो. कायमचं बोलावण्याचा मार्ग वेगळा आहे. त्यात तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि बहुतेक प्रांतांत वीस वर्षांची जबाबदारी लेखी घ्यावी लागते. शिवाय तिथे नाव नोंदवण्याची खिडकी २०२० नंतर नव्या लोकांसाठी उघडलेलीच नाही. त्यामुळे बहुतेकांसाठी व्यवहारातला पर्याय सुपर व्हिसाच उरतो.

बोलावणारा कोण असू शकतो? मुलगा, मुलगी किंवा नातवंड. पण ते कॅनडाचे नागरिक किंवा पीआर असले पाहिजेत, वय किमान अठरा हवं, आणि राहायला कॅनडातच हवेत. स्टडी परमिटवर किंवा वर्क परमिटवर असाल तर सुपर व्हिसासाठी बोलावता येत नाही. तेव्हा साध्या व्हिजिटर व्हिसाचाच मार्ग आहे. हा मुद्दा पहिल्यांदा तपासा, कारण इथेच चुकलं तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो.

उत्पन्नाचा हिशोब: आधी माणसं मोजा

लोक विचारतात, “पगार किती पाहिजे?” उलटा प्रश्न आधी विचारा: घरात माणसं किती? कारण लागणारी रक्कम माणसांच्या संख्येवर ठरते.

मोजायचं असं. तुम्ही स्वतः, तुमचा नवरा किंवा बायको, तुमच्यावर अवलंबून असलेली मुलं, आणि ज्यांना बोलावताय ते आई-वडील. याशिवाय आधी कुणाला स्पॉन्सर केलं असेल आणि ती जबाबदारी अजून चालू असेल, तर तेही यात येतात. सासू-सासऱ्यांना आधीच सुपर व्हिसावर बोलावलं असेल आणि तो व्हिसा अजून चालू असेल, तर त्यांनाही धरावं लागतं. बरेच जण नेमकं हेच विसरतात.

आता आकडे बघू. हे २९ जुलै २०२५ पासूनचे वार्षिक आकडे आहेत, कॅनडियन डॉलरमध्ये. तीन माणसांसाठी ४६,७२०. चार माणसांसाठी ५६,७२४. पाच माणसांसाठी ६४,३३६. सहा माणसांसाठी ७२,५६०. सात माणसांसाठी ८०,७८४. त्यापुढे प्रत्येक माणसामागे आणखी ८,२२४. हे आकडे बदलत राहतात, म्हणून ज्या आठवड्यात अर्ज भराल त्या आठवड्यात आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर तक्ता परत बघा. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता गेल्या वर्षीचा असू शकतो.

एक उदाहरण पूर्ण करूया. समजा, हिर्डस मावळातल्या एका घरातला मुलगा ब्रॅम्प्टनला गोदामात सुपरवायझर आहे. पीआर मिळालाय. वर्षाचा पगार ५२,००० डॉलर. बायको घरी आहे, एक मुलगी आहे. आता आई आणि आबा दोघांना बोलवायचंय.

माणसं मोजा: तो, बायको, मुलगी, आई, आबा. झाले पाच. लागतात ६४,३३६. त्याच्याकडे आहेत ५२,०००. म्हणजे १२,३३६ डॉलर कमी पडतात. बरं, फक्त आईला बोलावलं तर? मग माणसं चार, लागतात ५६,७२४. तरीही ४,७२४ कमीच. म्हणजे एकाला आधी बोलावू आणि दुसऱ्याला नंतर, हा उपायही इथे पुरत नाही.

मग मार्ग काय? बायको को-सायनर होऊ शकते. तिने अर्धवेळ काम सुरू केलं आणि वर्षाला १५,००० मिळाले, तर दोघांचे मिळून ६७,००० होतात. पाच माणसांची अट पार होते. पण को-सायनर म्हणून फक्त नवरा किंवा बायको चालते. टोरांटोला सख्खा भाऊ असला, त्याचा पगार दीड लाख असला, तरी त्याचे पैसे तुमच्या हिशोबात धरता येत नाहीत. तसं असेल तर सरळ त्या भावालाच बोलावणारा करा. आई-वडील त्याचेही आहेतच, आणि तिकडे पोचल्यावर ते तुमच्याकडे राहायला येऊ शकतात. आमंत्रण पत्र मात्र त्याच्या नावाने, त्याच्या घरच्या माणसांचा हिशोब धरून जाईल.

याच उदाहरणात आणखी एक वळण घ्या. घरात दुसरं बाळ आलं. आता माणसं सहा, लागतात ७२,५६०. काल जमणारं गणित आज ५,५६० ने चुकलं. आणि आपल्याकडे आईला बोलवायची घाई नेमकी बाळंतपणाच्या वेळीच होते! म्हणून ज्या घरात बाळाची चाहूल आहे, त्यांनी एका माणसाचा पुढचा आकडा आत्ताच धरून हिशोब करावा.

पगार सिद्ध कशाने होतो

तोंडी सांगून किंवा फक्त बँकेतली शिल्लक दाखवून भागत नाही. बँकेत चाळीस हजार डॉलर पडलेत म्हणजे उत्पन्न चाळीस हजार, असं ते धरत नाहीत. मुख्य कागद म्हणजे तिथल्या कर खात्याकडून रिटर्न भरल्यावर येणारी नोटीस ऑफ असेसमेंट. सोबत टी-फोर, पगाराच्या स्लिपा, आणि मालकाचं पत्र, ज्यात हुद्दा, पगार आणि कामाला लागल्याची तारीख असते.

इथे एक खाच आहे. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलून पगार वाढला असेल, तर गेल्या वर्षीची नोटीस कमी आकडा दाखवते. तेव्हा नव्या मालकाचं पत्र आणि अलीकडच्या स्लिपा नीट जोडा आणि फरक का आहे ते दोन ओळींत लिहा. अधिकाऱ्याला आकडे जुळत नाहीत असं दिसलं आणि खुलासा नसला, तर तो तुमच्या बाजूने अंदाज बांधत बसत नाही.

या कागदांबरोबर आमंत्रण पत्र जातं. त्यात आई-वडिलांचा मुक्कामभर खर्च मी करीन, असं स्पष्ट लिहायचं, घरात किती माणसं आहेत ती यादीसकट लिहायची, आणि सही करायची.

विमा: एक लाख डॉलरची अट

आता दुसरा मोठा भाग. अट अशी आहे: प्रत्येकाचा किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. प्रवेशाच्या तारखेपासून किमान एक वर्ष चालणारा हवा. त्यात उपचार, दवाखान्यात दाखल होणं आणि मायदेशी परत आणणं, हे तिन्ही हवं. आणि पैसे भरलेले हवेत. पूर्ण भरा, किंवा काही रक्कम भरून हप्ते बांधा, दोन्ही चालतं. नुसतं कोटेशन जोडलं तर ते विमा म्हणून धरत नाहीत.

विमा कंपनी कॅनडातली असावी, हा पूर्वी पक्का नियम होता. जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपनीचाही चालतो. पण अट आहे: ती कंपनी कॅनडाच्या वित्तीय नियामकाच्या, म्हणजे ओएसएफआयच्या यादीत असली पाहिजे आणि ती पॉलिसी त्या कंपनीच्या कॅनडातल्या व्यवसायातून दिलेली असली पाहिजे. म्हणजे पुण्यातल्या एजंटाने “ही इंटरनॅशनल ट्रॅव्हल पॉलिसी आहे, सगळीकडे चालते” म्हटलं तरी ती इथे आपोआप बसत नाही. त्याला दोनच प्रश्न विचारा: कंपनी त्या यादीत आहे का? आणि ही पॉलिसी तिच्या कॅनडातल्या व्यवसायातली आहे, हे लेखी देता का?

हप्ता किती येतो हे वयावर, आजारांवर आणि डिडक्टिबलवर अवलंबून असतं. डिडक्टिबल म्हणजे दाव्यातली पहिली ठरावीक रक्कम आपण आपल्या खिशातून भरायची, आणि त्यापुढची कंपनीने. हा आकडा वाढवला की हप्ता कमी होतो. पण हजार डॉलरचं डिडक्टिबल घेतलं, तर आबांना एकदा इमर्जन्सीत नेल्यावर पहिले हजार डॉलर, म्हणजे साठेक हजार रुपये, तुमच्या खिशातून जाणार हे लक्षात ठेवून घ्या. व्हिसा नाकारला गेला तर बऱ्याच कंपन्या नकाराचं पत्र बघून पैसे परत देतात, पण हे पॉलिसी घेण्याआधी लेखी तपासा.

इथे लोक खरंच अडकतात: जुना आजार आणि ‘स्टेबल’ हा शब्द

आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे. सरकारची अट आहे एक लाखाच्या विम्याची. त्या विम्यात आबांचा बीपी आणि आईची शुगर धरलीच पाहिजे, अशी अट नाही! त्यामुळे सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतली तर व्हिसा मिळेल, आणि दवाखान्याची वेळ आली तर पैसे मिळणार नाहीत, असं होऊ शकतं. व्हिसाचा विमा आणि खरा उपयोगी पडणारा विमा, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

जुने आजार धरणाऱ्या पॉलिसीतही एक शब्द असतो, ‘स्टेबल’. म्हणजे पॉलिसी सुरू व्हायच्या आधी ठरावीक दिवस तो आजार स्थिर असला पाहिजे. बऱ्याच पॉलिसींत हे ९० किंवा १८० दिवस असतात, आणि वयानुसार बदलतात. स्थिर म्हणजे नुसतं “बरं वाटतंय” नाही. नवीन लक्षण नाही, नवीन गोळी नाही, डोस बदललेला नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेली एखादी तपासणी बाकी नाही. बऱ्याच पॉलिसींत डोस कमी झाला तरी तो बदलच धरतात.

आता हे आपल्या घरात कसं घडतं बघा. आबा प्रवासाला निघायच्या दोन महिने आधी, “एवढ्या लांब जायचंय, एकदा दाखवून येऊ” म्हणून भोरला डॉक्टरांकडे जातात. बीपी थोडं जास्त लागतं. डॉक्टर पाचची गोळी दहाची करून देतात. वैद्यकीय दृष्टीने अगदी बरोबर. पण पॉलिसीत १८० दिवसांची अट असेल, तर त्या दिवसापासून बीपी ‘अस्थिर’ झालं. तिकडे गेल्यावर महिनाभरात छातीत दुखलं, दाखल करावं लागलं, तर कंपनी भोरच्या चिठ्ठ्या मागवते, तारीख मोजते आणि दावा नाकारू शकते. कॅनडात विम्याशिवाय दवाखान्यात राहण्याचं बिल एका दिवसाला हजारो डॉलर येतं. मुलाच्या वर्षभराच्या पगाराएवढी रक्कम काही दिवसांत उभी राहते.

याचा अर्थ डॉक्टरांकडे जायचंच नाही असा नाही. क्रम बदला. पूर्ण तपासणी निघायच्या सात-आठ महिने आधी करा. डोस बदलायचा असेल तर तेव्हाच बदलू द्या. मग त्यावर स्थिर राहू द्या, आणि नंतरच पॉलिसीची तारीख ठरवा. मध्येच डोस बदलावा लागलाच तर बदला, आबांच्या तब्येतीपेक्षा पॉलिसी मोठी नाही. फक्त कंपनीला लगेच कळवा, ९० दिवसांची अट असलेली पॉलिसी मिळते का बघा, किंवा प्रवास पुढे ढकला.

आणि आरोग्याची प्रश्नावली खरी भरा. “शुगर आहे असं लिहिलं तर हप्ता वाढेल” म्हणून लपवलं, तर नुसता शुगरचाच नाही, सगळाच विमा रद्द होऊ शकतो. ती प्रश्नावली मुलाने ब्रॅम्प्टनला बसून अंदाजाने भरू नये. फोनवर आईला एकेक गोळीचं पाकीट हातात घेऊन नाव वाचायला सांगा.

वर्ष संपल्यावर पॉलिसी नवी करायचीच, कारण मुक्काम पाच वर्षांचा असू शकतो पण पॉलिसी एक वर्षाचीच असते. नवी पॉलिसी घेताना स्थिरतेचे दिवस पुन्हा मोजले जाऊ शकतात, म्हणून जुनी संपायच्या आधीच विचारा. मध्ये एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका.

मेडिकल, कागद आणि आपल्याकडच्या अडचणी

सुपर व्हिसासाठी इमिग्रेशन मेडिकल लागते. ती फक्त त्यांच्या यादीतल्या डॉक्टरकडे, म्हणजे पॅनेल फिजिशियनकडेच होते. गावच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही. यादी आयआरसीसीच्या संकेतस्थळावर आहे. यात छातीचा एक्स-रे असतो, आणि इथे एक गोष्ट माहीत असू द्या. कुणाला तरुणपणी टीबी होऊन गेला असेल तर एक्स-रेमध्ये त्याचा जुना डाग दिसतो. मग थुंकीची तपासणी आणि कल्चर करायला सांगतात, आणि कल्चरच्या निकालाला आठेक आठवडे लागतात. हा नकार नाही, फक्त उशीर आहे. जुने टीबीचे कागद असतील तर सोबत न्या.

बोटांचे ठसे आणि फोटो व्हीएफएसच्या केंद्रावर द्यावे लागतात. ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना यातून सूट आहे. व्हिसाची फी माणशी १०० डॉलर आणि ठशांची माणशी ८५ डॉलर.

नातं सिद्ध करायला बोलावणाऱ्याचा जन्मदाखला लागतो, ज्यात आई-वडिलांची नावं आहेत. आपल्याकडे दाखल्यावर आईचं नाव एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं असं सर्रास असतं. वडिलांचं नाव दाखल्यावर ‘दगडू’ आणि पासपोर्टवर ‘दत्तात्रय’ असतं. हे अर्जाच्या आधी सुधारा, किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून जोडा. वेल्हेकरांसाठी एक जादा गोष्ट: तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. जुन्या कागदावर वेल्हे आणि नव्यावर राजगड दिसेल. तिकडच्या अधिकाऱ्याला हे माहीत असायचं कारण नाही. एका ओळीचा खुलासा लिहून ठेवा.

परत येणार याचा पुरावाही हवा, कारण हा तात्पुरता व्हिसा आहे. सातबारा, आठ-अ, घराची पट्टी, पेन्शनचे कागद, गावी राहणारं दुसरं मूल, हे सगळं उपयोगी आहे. पण सातबारा मराठीत नुसता जोडून चालत नाही. इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र सोबत लागतं. घरच्या माणसाने केलेलं भाषांतर ते धरत नाहीत.

विमानतळावरची दोन मिनिटं

व्हिसा मिळाला म्हणजे पाच वर्षं मिळाली असं नाही. किती राहायचं हे कॅनडात उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो. पासपोर्टवर नुसता शिक्का बसला आणि तारीख लिहिली नाही, तर सहा महिनेच धरले जातात. म्हणून आई-आबांच्या हातात, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही, एक फाइल द्या: विम्याची छापील पॉलिसी, पैसे भरल्याची पावती, आमंत्रण पत्र आणि मुलाचा फोन नंबर. आणि एक इंग्रजी वाक्य मोठ्या अक्षरात लिहून द्या, जे आबा नुसतं दाखवू शकतील:

```
We are entering on a Super Visa. Please write our authorized stay date.
```

तारीख मिळाली की त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, आणि त्या तारखेच्या तीन महिने आधीचा रिमाइंडर फोनवर लावा. मुदत संपायच्या आत तिथूनच दोन वर्षांपर्यंत वाढवायचा अर्ज करता येतो.

पुढच्या भागात साधा व्हिजिटर व्हिसा घेऊ, वर्क परमिटवर असलेल्यांसाठी. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, फक्त त्यात कुणाचा पासपोर्ट नंबर सांगू नका. भेटूया!